इटालियन भाषांतर: प्रायव्हसी पॉलिसीतला 'डेटा कंट्रोलर' आणि संमतीची चौकट

जास्वंदी

नमस्कार मंडळी. मी इंग्रजीतून इटालियनमध्ये भाषांतरं करते, बहुतेक यंत्रांची माहितीपत्रकं आणि पर्यटनाचा मजकूर. सध्या एका एजन्सीमार्फत कोल्हापूरच्या एका दुकानाच्या संकेतस्थळाचं काम आलंय. चामड्याच्या चपला आणि पिशव्या विकतात, आता इटलीतही माल पाठवतात, किंमती युरोत दाखवतात. प्रायव्हसी पॉलिसी आणि टर्म्स दोन्ही इटालियनमध्ये हवेत. आधी कुणीतरी केलेला मसुदा आहे, तो तपासून पुरा करायचाय.

मूळ इंग्रजी मजकूर इथल्याच वकिलांनी लिहिलाय, त्यामुळे त्यात आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातला 'डेटा फिड्युशरी' आहे. मधेच कुठूनतरी उचललेला 'डेटा कंट्रोलर'ही आहे. मसुद्यात याच एका दुकानाला तीन नावं पडली आहेत:

```
fiduciario dei dati
controllore dei dati
responsabile del trattamento
```

यातलं बरोबर कुठलं? दुसरी अडचण संमतीची. खातं उघडताना खाली एकच चौकट आहे. तिच्यात टर्म्स मान्य, प्रायव्हसी पॉलिसी मान्य आणि ऑफर्सचे ईमेल पाठवायला परवानगी, असं सगळं एका वाक्यात. इटालियन वाक्य मला जमेल, पण ते तिथे चालतं का? आणि चालत नसेल तर भाषांतरकाराने त्यात किती हात घालावा?

बाबूराव_सातारकर

चपला इटलीला चालल्या हे वाचूनच ऊर भरून आला. बाकी मला काही कळत नाही, पण धागा वाचतोय.

सालामांका

मी स्पॅनिशवाला, पण इथे उत्तर सोपं आहे. स्पॅनिशमध्ये कंट्रोलर म्हणजे 'रेस्पॉन्साब्ले', फ्रेंचमध्येही तेच. इटालियन त्यांचीच बहीण, त्यामुळे तिसरा पर्याय बरोबर. 'रेस्पॉन्साबिले देल त्रात्तामेंतो' ठेव आणि पुढे जा. बाकी दोन खोडून टाक.

तोरिनोकर

सालामांका, स्पॅनिश आणि फ्रेंचबद्दल तुम्ही बरोबर आहात आणि नेमका तिथेच घात होतो. मी गेली काही वर्षं इथे तोरिनोत एका कंपनीच्या डेटा-संरक्षण विभागात आहे, हे शब्द रोज हाताखालून जातात. इटालियनमध्ये जीडीपीआरचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या डेटा-संरक्षण कायद्याचा, कंट्रोलर म्हणजे 'तितोलारे देल त्रात्तामेंतो'. 'रेस्पॉन्साबिले देल त्रात्तामेंतो' म्हणजे प्रोसेसर, कंट्रोलरच्या सांगण्यावरून डेटा हाताळणारा. म्हणजे तिसरा पर्याय नुसता चुकीचा नाही, तो भूमिकाच उलटी करतो. 'कोंत्रोल्लोरे' ऐकलं की इथल्या माणसाला रेल्वेतला टीसी आठवतो. आणि 'फिदुचारिओ' हा विश्वस्ताच्या अंगाने जाणारा वेगळाच कायदेशीर शब्द आहे, डेटाच्या कायद्यात त्याला जागा नाही. तुमच्या मूळ मजकुरात फिड्युशरी असो वा कंट्रोलर, कशासाठी आणि कशा प्रकारे डेटा वापरायचा हे ठरवणारं दुकानच आहे ना? मग दोन्हीकडे तितोलारेच.

जास्वंदी, मसुद्यातलं एखादं पूर्ण वाक्य इथे टाकाल का?

जास्वंदी

हे घ्या, नाव काढून:

```
Il responsabile del trattamento dei dati è il negozio;
il servizio di newsletter è il processore.
```

तोरिनोकर

हे वाचून इथल्या गिऱ्हाइकाला काय कळेल पाहा. दुकान कुणा दुसऱ्याच्या वतीने डेटा हाताळतंय. तो दुसरा कोण, ते लिहिलेलंच नाही. न्यूजलेटर पाठवणारी कंपनी 'प्रोचेसोरे' आहे, म्हणजे संगणकातली चिप. उद्या त्याला आपला डेटा खोडायला सांगायचा असेल तर पत्र कुणाला लिहायचं हेच या वाक्यातून समजत नाही. दुरुस्त केलेलं असं होईल:

```
Il titolare del trattamento è il negozio;
il servizio di newsletter agisce come responsabile del trattamento.
```

पूर्ण फाइलमध्ये 'responsabile' शोधा आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्याशी कुणाचं नाव जोडलंय ते बघा. दुकान असेल तर चूक. होस्टिंगवाला किंवा ईमेलवाला असेल तर बहुतेक बरोबर. तिसरी शक्यता म्हणजे डेटा प्रोटेक्शन ऑफिसर, तोही रेस्पॉन्साबिलेच, पण 'देल्ला प्रोतेत्सिओने देई दाती'. एकाच परिच्छेदात हे दोन्ही रेस्पॉन्साबिले आले तर शेपूट कापू नका, दोन्ही पुरे लिहा.

सालामांका

तोरिनोकर, तुमचा अनुभव मोठा आहे हे मान्य. पण मी काल्पनिक बोलत नाहीये. माझ्याकडे युरोपियन युनियनच्या अनुवादांची जुनी स्मृती-फाइल आहे. तिच्यात इटालियन स्तंभात कंट्रोलरसमोर रेस्पॉन्साबिलेच आहे, एकदा नाही, शेकड्याने. ब्रुसेल्सचे अनुवादक चुकतात का?

तोरिनोकर

तुमची फाइल खोटी नाही, जुनी आहे. १९९५ चा जो निर्देश होता, 95/46, त्याच्या इटालियन पाठात कंट्रोलर खरोखरच 'रेस्पॉन्साबिले देल त्रात्तामेंतो' होता आणि प्रोसेसर 'इंकारिकातो'. त्याच वेळी इटलीच्या स्वतःच्या कायद्याने, १९९६ च्या आणि नंतर २००३ च्या संहितेने, कंट्रोलरला 'तितोलारे' म्हटलं. म्हणजे रोम एक बोलत होतं आणि ब्रुसेल्स दुसरं. २०१६ च्या जीडीपीआरच्या अंतिम पाठात ब्रुसेल्सने इटलीचाच शब्द घेतला. म्हणून २०१६ आधीच्या कुठल्याही स्मृती-फाइलमधली ही जोडी आजच्या कामात आली की अर्थ उलटा होतो. सॉफ्टवेअर शंभर टक्के जुळलं म्हणून हिरवं दाखवतं, हा त्यातला वाईट भाग.

खात्री करायची असेल तर युर-लेक्सवर, म्हणजे युनियनच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर, जीडीपीआर उघडा, इंग्रजी आणि इटालियन शेजारी शेजारी ठेवा आणि कलम ४ वाचा. व्याख्या सगळ्या तिथेच आहेत.

सालामांका

पाहिलं. कलम ४, उपकलम ७ आणि ८. तुम्ही म्हणता तसंच आहे. फाइलवर आजच तारखेची खूण करून ठेवतो.

निळावंती

मलाही इटालियनचीच मदत हवी होती. माझ्या मुलीला मिलानला ॲडमिशन मिळालीय, तिच्या दहावी-बारावीच्या मार्कशीटचं इटालियन भाषांतर दूतावासाला चालेल असं कोण करून देतं? जास्वंदी ताई, तुम्ही कराल का?

जास्वंदी

निळावंती, मुलीचं अभिनंदन! त्या कागदांची पद्धत निराळी असते, शिक्के लागतात. तुम्ही वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन.

रानवाटा

शब्दांचं मार्गी लागलं. आता संमतीचं. मी ई-कॉमर्समध्ये आहे, युरोपात संमतीशिवाय पान हलत नाही. त्यामुळे माझं मत, प्रत्येक गोष्टीला संमती घ्या. ऑर्डरसाठी, बिलासाठी, कुरिअरसाठी, ईमेलसाठी. जेवढ्या चौकटी जास्त तेवढं दुकान सुरक्षित.

तोरिनोकर

रानवाटा, चौकटी वेगळ्या हव्यात इथवर तुमचं बरोबर. प्रत्येक गोष्टीला संमती, इथे मात्र गाडी घसरते. समजा फ्लोरेन्सच्या बाईंनी ४० नंबरची चप्पल मागवली. त्यांचा पत्ता घेतल्याशिवाय चप्पल पोचणार कशी? तो पत्ता वापरायचा आधार म्हणजे झालेला करार. बिल जपून ठेवण्याचा आधार कायद्याने घातलेलं बंधन. तिथे संमती मागितली तर दुसऱ्या दिवशी त्या ती मागे घेऊ शकतात, कारण संमती कधीही मागे घेता आली पाहिजे आणि ते देण्याइतकंच सोपं हवं, असं कलम ७ सांगतं. मग दुकान काय करणार, बिल फाडणार? नाही फाडणार. म्हणजे जी निवड दिली ती खरी नव्हती. अशी खोटी निवड देणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

या दुकानात खरी संमती लागते ती ऑफर्सच्या ईमेलला. आणि ती चौकट आधीपासून टिक केलेली नको. युरोपियन न्यायालयाने २०१९ मध्ये प्लॅनेट४९ च्या खटल्यात तसं स्पष्ट सांगितलंय.

जास्वंदी

मग प्रायव्हसी पॉलिसी 'मान्य आहे' हे कुठे बसतं? मसुद्यात 'आच्चेत्तो ला प्रायव्हसी पॉलिसी' असं आहे.

तोरिनोकर

कुठेच बसत नाही. इथे त्या कागदाला 'इन्फॉर्मातीवा' म्हणतात, म्हणजे दुकानाने गिऱ्हाइकाला द्यायची माहिती. माहिती मिळते, वाचली जाते. ती मान्य करायची नसते. मान्य करायचा तो करार. मी असतो तर एका चौकटीच्या जागी तीन ओळी सुचवल्या असत्या, आणि चौकट त्यातल्या दोघींनाच:

```
Prima di inviare i tuoi dati, leggi l'informativa sulla privacy.

[ ] Ho letto e accetto le Condizioni generali di vendita.

[ ] Acconsento a ricevere offerte e novità via e-mail.
    Posso revocare il consenso in qualsiasi momento.
```

पहिल्या ओळीला चौकट नाही, फक्त दुवा. दुसरी भरल्याशिवाय ऑर्डर जाणार नाही, ते योग्यच. तिसरी रिकामी ठेवली तरी ऑर्डर गेली पाहिजे. हे तपासायला पाच मिनिटं लागतात. तिसरी सोडून बटण दाबा, लाल अक्षरं आली तर संमती ऐच्छिक नाही. संमती 'देण्या'साठी क्रियापद 'प्रेस्तारे' आणि मागे घेण्यासाठी 'रेवोकारे'. मसुद्यात 'रितिरारे' असेल तर अर्थ समजतो, पण जीडीपीआरचा शब्द रेवोकारे आहे, तोच सगळीकडे ठेवा.

रानवाटा

बिल फाडण्याचा मुद्दा पटला. पण एक विचारतो. बऱ्याच इटालियन संकेतस्थळांवर मी 'प्रायव्हसी वाचली' अशी चौकट पाहिलीय. ते सगळे चुकतात?

तोरिनोकर

'वाचली' म्हणणं आणि 'मान्य' म्हणणं यात फरक आहे. 'दिकियारो दी आवेर प्रेसो विझिओने', मी पाहिली असं जाहीर करतो, ही इथली जुनी सवय. दुकानाला पुरावा हवा असतो म्हणून ठेवतात. त्याने बिघडत नाही, पण तिला संमती समजू नये. मी ती टाळतो. आमच्याकडचे काही सहकारी ठेवा म्हणतात. यावर आमच्या विभागातही एकमत नाही.

कोकणी_मिरची

एवढं डोकं कशाला फोडताय? एखाद्या इटालियन चपलेच्या दुकानाची इन्फॉर्मातीवा उघडायची, नाव-पत्ता बदलायचा, झालं. त्यांच्या वकिलाने पैसे घेऊनच लिहिली असणार.

जास्वंदी

मिरची, पहिली गोष्ट म्हणजे तो त्यांचा मजकूर. दुसरी गोष्ट, ते दुकान डेटा कुणाला देतं ते आणि हे दुकान कुणाला देतं ते एक नाही. इथला डेटा कोल्हापुरात येतो, म्हणजे युरोपबाहेर, ते लिहावं लागणार.

तोरिनोकर

आणि तिसरी गोष्ट, ती इन्फॉर्मातीवा शिळी असू शकते. ओळखायचं कसं? वर 'आर्तिकोलो १३, २००३ चा १९६', म्हणजे मघाच्या २००३ च्या संहितेचं कलम १३, असं असेल आणि जीडीपीआरचं नावच नसेल, किंवा गिऱ्हाइकाचे हक्क त्याच कायद्याच्या कलम ७ प्रमाणे दिले असतील, तर ती २०१८ च्या आधीची. ती दोन्ही कलमं २०१८ च्या १०१ क्रमांकाच्या डिक्रीने रद्द झाली. कायदा १९६ अजून जिवंत आहे, बदललेल्या रूपात. संमती देणाऱ्या मुलाचं किमान वय इटलीत १४ आहे, ते त्यातच लिहिलंय. पण ती दोन कलमं गेली. आजही असा मजकूर कित्येक संकेतस्थळांवर लटकतोय.

जास्वंदीनी म्हटलेली युरोपबाहेरची गोष्ट खरंच महत्त्वाची. दुकान भारतात बसून इटलीतल्या लोकांना माल विकतं, त्यामुळे जीडीपीआर लागू होतो, आणि कलम २७ प्रमाणे युनियनमध्ये प्रतिनिधी नेमावा लागू शकतो. तो असेल तर तितोलारेच्या लगेच खाली 'राप्प्रेझेन्तांते नेल्लऊनिओने' म्हणून त्याचं नाव-पत्ता येतो. मूळ इंग्रजीत तो आहे का?

जास्वंदी

नाही. तक्रार निवारण अधिकारी म्हणून कोल्हापुरातल्या एकाचं नाव आहे, बस. तक्रार कुठे करायची तिथे भारतातल्या डेटा संरक्षण मंडळाचा उल्लेख आहे.

तोरिनोकर

तिथे गिऱ्हाइकाला इटलीच्या प्राधिकरणाकडे, म्हणजे 'गारांते पेर ला प्रोतेत्सिओने देई दाती पेर्सोनाली'कडे तक्रार करता येते हे लिहायला हवं. क्रिया 'प्रोपोर्रे रेक्लामो'. पण मूळात नसलेलं वाक्य तुम्ही स्वतः घालू नका.

वकीलबुवा

मी इचलकरंजीत वकिली करतो, इटालियन येत नाही. पण भाषांतरकाराने किती हात घालावा याचं उत्तर माझ्या बाजूने देतो. ताई, तुम्ही काहीही घालू नका. तुम्ही बदललेलं कलम उद्या कोर्टात अशिलाच्या अंगावर आलं तर एजन्सी तुमच्याकडे बोट दाखवेल. दिलंय तसं उतरवा आणि शंका वेगळ्या कागदावर लिहून द्या.

सह्यवारा

वकीलसाहेब, 'दिलंय तसं' म्हणजे फिड्युशरीचं फिदुचारिओ करायचं का? तेही दिलंय तसंच आहे की. शब्द बदलणं आणि कलम बदलणं यातली रेघ तुम्ही कुठे ओढता?

वकीलबुवा

रास्त प्रश्न. भूमिका तीच ठेवून तिथल्या कायद्यातलं तिचं नाव लिहिणं हे भाषांतर. नवीन हक्क, नवीन पत्ता, नवीन मुदत घालणं हा मसुदा लिहिणं. पहिलं तुमचं काम, दुसरं आमचं.

जास्वंदी

मग टर्म्समधल्या या दोन गोष्टी सांगा. एक, 'माल सदोष असेल तरच सात दिवसांत परत घेऊ'. दोन, 'सर्व वाद फक्त कोल्हापूरच्या न्यायालयात'. दोन्ही शब्दशः इटालियनमध्ये सहज येतात. पण इटलीत ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न देता परत करता येते असं मी ऐकलंय.

तोरिनोकर

बरोबर ऐकलंय. ग्राहक संहिता, २००५ ची २०६. त्या हक्काला 'रेचेस्सो' म्हणतात, माल हातात पडल्यापासून १४ दिवस, आणि दुकानाने हा हक्क सांगितलाच नाही तर मुदत १२ महिन्यांनी वाढते. म्हणजे हे सात दिवसांचं कलम छापून दुकान स्वतःचंच नुकसान करून घेतंय. सदोष मालाची हमी ही आणखी वेगळी गोष्ट, ती यात मिसळू नका. कोल्हापूरच्या न्यायालयाचं कलमही ग्राहकापुढे टिकणं कठीण, त्याच संहितेत ग्राहक राहतो तिथलं न्यायालय धरलंय. ही दोन्ही भाषांतराच्या नव्हे, मसुद्याच्या चुका. वकीलबुवांच्या कागदावर पहिल्या दोन ओळी याच लिहा.

मसुद्यात 'रेशिस्सिओने' शब्द आहे का तेवढं मात्र बघा.

जास्वंदी

आहे! 'टर्मिनेट' जिथे जिथे आहे तिथे सगळीकडे.

तोरिनोकर

मग ते सगळं बदलावं लागेल, आणि हे तुमचंच काम. रेशिस्सिओने म्हणजे अडचणीत सापडलेल्या माणसाकडून अन्यायकारक अटींवर करून घेतलेला करार कोर्टाकरवी मोडणं. एकाने आपल्या मर्जीने बाहेर पडणं हा रेचेस्सो. समोरच्याने करार पाळला नाही म्हणून तो संपवणं ही 'रिसोलुत्सिओने'. इंग्रजीत तिन्हीकडे एकच क्रियापद असतं, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी कोण, कशामुळे करार संपवतोय ते वाचून ठरवा.

बाबूराव_सातारकर

माझी एक शंका. शेवटी 'वाद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य' अशी एक ओळ टाकली की सगळं मिटत नाही का? आमच्या सोसायटीच्या कागदावर मराठी-इंग्रजीचं तसंच लिहिलंय.

तोरिनोकर

बाबूराव, दोन कंपन्यांमध्ये ती ओळ बऱ्यापैकी काम करते. ग्राहकासमोर नाही. लेखी कलमं स्पष्ट आणि समजेल अशी हवीत आणि शंका असेल तर ग्राहकाला सोयीचा अर्थ घ्यायचा, असं तीच ग्राहक संहिता सांगते. गिऱ्हाइकाने इटालियन वाचून खरेदी केली, मग इंग्रजी दाखवून त्याला अडवणं अवघड.

सह्यवारा

तोरिनोकर, माझाही एक प्रश्न. इटलीत जाचक कलमांवर दुसरी सही घेतात असं पाहिलंय, नागरी संहितेचं १३४१. ऑनलाइन चौकटीत ते कसं करायचं? दुसरी चौकट पुरते?

तोरिनोकर

जबाबदारी मर्यादित करणं, एकतर्फी करार संपवणं अशी कलमं वेगळी, लेखी मान्य करून घ्यायची असतात. म्हणून टर्म्सच्या शेवटी त्यांचे क्रमांक देऊन दुसरी चौकट ठेवतात. क्लिक म्हणजे 'लेखी' का, यावर इथली न्यायालयं एका सुरात बोलत नाहीत. काहींनी चौकट पुरेशी मानली, काहींनी डिजिटल स्वाक्षरीच हवी म्हटलं. चपलांच्या दुकानासाठी डिजिटल स्वाक्षरी मागणं मला अशक्यप्राय वाटतं, पण माझ्या वाटण्याने निकाल लागत नाही. ग्राहकाच्या बाबतीत तर दुसरी सही असूनही कलम अन्यायकारक ठरू शकतं.

वकीलबुवा

म्हणजे इथेही तारीख पे तारीख. ताई, हाही प्रश्न तुमच्या कागदावर.

जास्वंदी

कागद तयार करतेय. वर प्रतिनिधी, गारांते, १४ दिवस, न्यायालय आणि दुसरी चौकट, म्हणजे अशिलाने ठरवायच्या गोष्टी. खाली मी स्वतः बदललेले शब्द, जुना आणि नवा शेजारी शेजारी: तितोलारे, रेस्पॉन्साबिले, इन्फॉर्मातीवा, रेचेस्सो, रिसोलुत्सिओने. संमतीच्या तीन ओळी प्रस्ताव म्हणून देते, कारण चौकट फोडली तर त्यांच्या प्रोग्रामरलाही काम आहे. एकच अडलंय. कुरिअर कंपनी तितोलारे की रेस्पॉन्साबिले?

तोरिनोकर

त्यावर वाद घालणारे दोन्ही बाजूंना भेटतील. पत्ता वापरते दुकानाच्या कामासाठी, पण कसा वापरायचा ते बरंचसं स्वतः ठरवते. मूळ इंग्रजीत तिला काय म्हटलंय?

जास्वंदी

काहीच नाही. 'ज्यांना आम्ही माहिती देतो' एवढंच.

तोरिनोकर

मग 'देस्तिनातारी' लिहा. जीडीपीआरचाच शब्द आहे, ज्यांच्याकडे डेटा जातो ते सगळे त्यात येतात, आणि मूळ वाक्यात नसलेला निर्णय तुमच्याकडून होत नाही.

निळावंती

जास्वंदी ताई, वेगळा धागा काढलाय, मार्कशीटचा. वेळ मिळाला की बघा.